प्रत्येक प्रकारात वाढ, तरी चॅनलची सरासरी घसरलेली

«माझ्या चॅनलवर मोठे व्हिडिओ आधीपेक्षा जास्त वेळ पाहिले जातात, शॉर्ट्ससुद्धा जास्त वेळ पाहिले जातात, मग संपूर्ण चॅनलची सरासरी निम्म्याहून खाली कशी गेली? हिशेबात कुठे चूक होते आहे का?»

हिशेबात चूक नाही. हे तिन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात. मी जळगावला सांख्यिकी शिकवतो आणि रावेर तालुक्यातील माझ्या मावसभावाच्या केळी-कापसाच्या यूट्यूब चॅनलचे आकडे दर महिन्याला त्याच्यासोबत बसून पाहतो. गेल्या वर्षअखेरीस त्याने मला जवळजवळ हाच प्रश्न विचारला होता आणि शॉर्ट्स बंद करण्याच्या विचारापर्यंत तो येऊन पोहोचला होता, म्हणून त्याच्याच आकड्यांवरून सांगतो. आकडे सोयीसाठी गोल केले आहेत.

आम्ही जून 2025 आणि नोव्हेंबर 2025 हे महिने घेतले. दोन्ही तीस दिवसांचे आहेत आणि दोन्ही 31 मार्च 2025 नंतरचे आहेत. त्या दिवसापासून शॉर्ट नुसता सुरू झाला तरी यूट्यूब त्याचा एक व्ह्यू मोजते, त्यामुळे त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा महिना शेजारी ठेवला तर तुलना सुरुवातीलाच बिघडते.

जूनमध्ये मोठ्या व्हिडिओंना 40,000 व्ह्यू होते आणि प्रत्येक व्ह्यू सरासरी 300 सेकंद टिकला होता. शॉर्ट्सना 10,000 व्ह्यू होते आणि सरासरी 20 सेकंदांची होती. नोव्हेंबरमध्ये मोठ्या व्हिडिओंचे व्ह्यू 50,000 आणि सरासरी 330 सेकंद झाली, तर शॉर्ट्सचे व्ह्यू 2,00,000 आणि सरासरी 24 सेकंद झाली. म्हणजे दोन्ही प्रकार सुधारले. मात्र संपूर्ण चॅनलची सरासरी काढताना 300 आणि 20 यांची बेरीज करून दोनाने भागत नाहीत. पाहिलेले सगळे सेकंद एकत्र करून त्यांना सगळ्या व्ह्यूंनी भागतात. तशी जूनची सरासरी 244 सेकंद येते आणि नोव्हेंबरची फक्त 85.

कापूस विकणाऱ्या घरात हे लगेच समजते. पहिल्या वेचणीच्या कापसाला गतवर्षीपेक्षा चांगला भाव मिळाला आणि हंगामाच्या शेवटी निघणाऱ्या हलक्या, स्वस्त फरदडीलाही मिळाला, पण यंदा गाडीत फरदडच जास्त भरली असेल, तर क्विंटलमागे हातात आलेला सरासरी भाव उतरलेलाच दिसतो. सांख्यिकीत याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. एडवर्ड सिम्पसन यांनी 1951 मध्ये त्यावर लिहिले, पण त्याच्या मुळाशी असलेली गोष्ट उड्नी यूल यांनी 1903 मध्येच दाखवून दिली होती.

घसरणीतला कोणता भाग कशामुळे आला, हे वेगळे काढता येते आणि माझ्या मते इथे तीच पायरी सर्वांत उपयोगाची आहे. जूनमध्ये शंभर व्ह्यूंपैकी 80 मोठ्या व्हिडिओंचे आणि 20 शॉर्ट्सचे होते. हे प्रमाण तसेच ठेवून नोव्हेंबरच्या सरासऱ्या त्यात घातल्या, तर चॅनलची सरासरी जवळपास 269 सेकंद येते, म्हणजे व्हिडिओ सुधारल्यामुळे ती 25 सेकंदांनी वाढली. मग 269 वरून 85 पर्यंतची सगळी घसरण, सुमारे 184 सेकंदांची, केवळ प्रमाण बदलल्यामुळे झाली, कारण नोव्हेंबरमध्ये शंभरांपैकी 80 व्ह्यू शॉर्ट्सचे होते. तुमच्या आकड्यांसाठी यूट्यूब स्टुडिओच्या ॲनालिटिक्समध्ये मोठे व्हिडिओ, शॉर्ट्स आणि लाइव्ह यांचे व्ह्यू आणि सरासरी कालावधी वेगवेगळे काढा आणि हाच हिशेब करा. आधीच्या महिन्याचे प्रमाण धरून काढलेली सरासरी वाढलेली दिसली, तर घसरण मिश्रणामुळेच झाली आहे.

यावरून एकत्रित सरासरी खोटी असते, असा निष्कर्ष मात्र काढू नका. मावसभावाच्या बाबतीत मी काळजीचे कारण नाही असे म्हटले, ते एकूण पाहण्याचे तास जूनमधील सुमारे 3,390 वरून 5,920 पर्यंत वाढले होते आणि मोठ्या व्हिडिओंचे व्ह्यूही वाढले होते म्हणून. मोठ्या व्हिडिओंची सरासरी 330 सेकंदच राहून त्यांचे व्ह्यू 40,000 वरून 20,000 पर्यंत घसरले असते, तरी दोन्ही प्रकारांच्या सरासऱ्या सुधारलेल्याच दिसल्या असत्या, चॅनलची सरासरी 52 सेकंदांवर आली असती आणि एकूण तास सुमारे 3,170 पर्यंत उतरले असते. तिथे खरोखर नुकसान झाले असते आणि प्रकारनिहाय सरासऱ्यांनी ते झाकून ठेवले असते. नुसत्या सरासऱ्यांवरून ही दोन चित्रे वेगळी ओळखता येत नाहीत, म्हणून प्रत्येक प्रकाराचे व्ह्यू आणि एकूण तास त्यांच्या शेजारी ठेवावेच लागतात.

आता ज्या गोष्टीने मला स्वतःला थांबायला लावले ती सांगतो. प्रत्येक प्रकारात दिसणारी वाढ तरी खरी आहे का? यूट्यूबने 15 ऑक्टोबर 2024 पासून चढवलेले तीन मिनिटांपर्यंतचे उभे किंवा चौकोनी व्हिडिओ शॉर्ट्समध्ये धरायला सुरुवात केली. त्याआधी चढवलेले दोन-अडीच मिनिटांचे व्हिडिओ मोठ्या व्हिडिओंतच राहिले. मावसभावाचे ठिबकच्या नळ्या साफ करण्याबद्दलचे असे काही जुने उभे व्हिडिओ होते. ते सरासरी 70 सेकंद पाहिले जात, म्हणजे मोठ्या व्हिडिओंच्या सरासरीपेक्षा बरेच कमी आणि शॉर्ट्सच्या सरासरीपेक्षा बरेच जास्त. असा व्हिडिओ मोठ्या गटातून कमी होऊन त्याच जातीचा नवा व्हिडिओ शॉर्ट्समध्ये आला, की प्रेक्षकांच्या वागण्यात काहीही बदल न होता दोन्ही गटांची सरासरी वाढते.

म्हणून आम्ही ते जुने उभे व्हिडिओ बाजूला काढले. जूनमध्ये मृग बागेच्या लागवडीच्या दिवसांत त्यांना 4,000 व्ह्यू होते आणि नोव्हेंबरमध्ये 1,000. ते वगळल्यावर खऱ्या मोठ्या व्हिडिओंची सरासरी जूनमध्ये 326 सेकंद आणि नोव्हेंबरमध्ये 335 सेकंद निघाली. तीस सेकंदांची वाटणारी सुधारणा दहाच्या आसपासच होती. ती कमी असली तरी आहे, आणि मावसभावाने तो दहाचा आकडा मान्य करून शॉर्ट्स चालू ठेवले.

तुमच्याकडेही मोठ्या व्हिडिओंच्या गटात तीन मिनिटांहून छोटे, 15 ऑक्टोबर 2024 पूर्वीचे उभे व्हिडिओ आहेत का, हे प्रत्येक व्हिडिओची लांबी पाहून आधी तपासा. ते वगळूनही दोन्ही महिन्यांतील फरक टिकत असेल, तरच वर सांगितलेला मिश्रणाचा हिशेब करा, कारण गटच बदललेले असतील तर 80 आणि 20 हे प्रमाणही बदललेल्याच गटांचे असते.