तीन टिंबं काढा, बाकीचं नंतर बघू

प्रश्न: चॅटवर भांडण चाललं होतं. मी शेवटी ‘चूक माझी’ असं टाइप करत होतो आणि बॅटरी संपली. ते बोलणं तिथेच राहिलं. त्यावर मुक्तछंदात कविता केली आहे, शेवटी वाक्य तोडून तीन टिंबं दिली आहेत. वाचणारे म्हणतात शेवट पोहोचत नाही. काय बदलू?

उत्तर:

पहिली गोष्ट, ती तीन टिंबं काढा. टिंबं माणूस देतो. बोलता बोलता अडखळला, संकोचला, पुढचं समोरच्यावर सोडलं, की टिंबं येतात. बॅटरी संपताना टिंबं द्यायला कुणाला वेळ मिळतो? तुमच्या कवितेत फोन बंद पडतोय आणि खुणा मात्र कवी लाजल्याच्या आहेत. वाचणाऱ्याला नेमकं काय घडलं तेच कळत नाही, म्हणून शेवट पोहोचत नाही.

पण टिंबं काढून भागणार नाही, कारण खरी अडचण मुक्तछंदाची आहे. मुक्तछंदात ओळ कुठेही संपू शकते. दोन शब्दांची ओळ, एका शब्दाची ओळ, सगळं चालतं. मग शेवटची ओळ अर्धी तुटली हे कानाला कळणार कशावरून? अजून किती यायचं होतं हे आधी ठाऊक असेल, तरच कमी पडलेलं ऐकू येतं. ‘कवितेत मोबाइल आला की मुक्तछंदच हवा, बॅटरी-चार्जर छंदात बसत नाहीत’ हे पालुपद काव्यवाचनाच्या गटांत मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर द्यायचा कंटाळा येतो. बॅटरी हा शब्द गुरू-लघु-गुरू आहे, म्हणजे सरळ रगण. अक्षरगणवृत्तातसुद्धा त्याला जागा सापडते. छंदात तर नुसती अक्षरं मोजायची असतात, तिथे अडचण कसली?

तुमच्या विषयाला मी देवद्वार छंद घेईन. चार चरण, सहा-सहा-सहा-चार अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला यमक. हरिपाठ कानावरून गेलेला असेल तर हा हिशेब तुमच्या कानात आधीपासून आहे. जोडाक्षर एकच धरायचं, लघु-गुरू बघायचं नाही. ‘टक्क्यांचा’ म्हणजे तीन अक्षरं, ‘मुख्य’ म्हणजे दोन. आकडे मात्र अक्षरांत लिहा. पानावर १५ दिसलं तर एक जण ‘पंधरा’ वाचतो, दुसरा ‘फिफ्टीन’, आणि मोजणी बोंबलते.

तुमचाच मजकूर घेऊन बघा:

पंधरा टक्क्यांचा
इशारा दिसला
बोटाने पुसला
गेलो पुढे

आधी तुझ्या चुका
मग माझी बाजू
लागलो मी मोजू
जुनं सारं

दोन टक्के होते
तेव्हा सुचलेलं
मुख्य राहिलेलं
एक वाक्य

भांडण संपव
ऐक एवढंच
सांगतो खरंच
चूक

फार मोठी कविता आहे असा दावा नाही, पण शेवटी काय होतं ते बघा. तीन कडव्यांत कानाला सवय लागली की चौथा चरण चार अक्षरांचा येतो. शेवटच्या कडव्यात दोनच अक्षरं येतात आणि दोन अक्षरांची जागा रिकामी राहते. तिथे ‘माझी’ बसतं, तसंच ‘तुझी’ही बसतं, दोन्ही दोनच अक्षरांचे शब्द. दुसऱ्या कडव्यात नायकाने समोरच्या तिच्याच चुका मोजल्यात, त्यामुळे ‘तुझी’ची शंका फुकटची नाही. लिहिणाऱ्याला पुढचं माहीत आहे, वाचणाऱ्याला नाही. ‘माझी चूक’ असं काहीतरी ठेवलं असतं तर ही दुविधा मिळालीच नसती, कारण माझं-तुझं आधीच सांगून झालं असतं. वाक्य तोडायचं तर कोणता शब्द आत राहील आणि कोणता बाहेर, हे आधी ठरवा आणि मग मागे जाऊन कडवी रचा.

पहिलं कडवंही उगाच नाही. बॅटरी ‘अचानक’ संपली असं तुम्ही म्हणाल, पण चांगल्या अवस्थेतला फोन असा मरत नाही. बहुतेक अँड्रॉइड पंधरा टक्क्यांच्या आसपास सांगतात, आयफोन वीसला आणि परत दहाला. म्हणजे वेळ होता, तो पाल्हाळात गेला. हे कवितेत आलं नाही तर दोष एकट्या बॅटरीवर जातो आणि कवी बिचारा ठरतो. बिचारा कवी मला आवडत नाही.

शून्यावर आल्यावरही फोन स्वतःला रीतसर बंद करतो, पडद्यावर काही सेकंद तसं दिसतं. अक्षराच्या मध्येच पडदा काळा करायचा असेल तर जुनी बॅटरी दाखवा. बॅटरी म्हातारी झाली की तिचा आतला रोध वाढतो. भार आला की व्होल्टेज खाली बसतं आणि फोन दोन, आठ, कधी दहा टक्क्यांवरसुद्धा पटकन मिटतो. थंडीत हे जास्त होतं.

शब्दच मधून तोडायचा असेल तर मराठी टाइप कसं होतं ते पाळा. ‘चूक’ हा शब्द च, चू, चूक असा वाढतो. ‘प्रेम’ हा प, प्, प्र, प्रे, प्रेम असा, म्हणजे मध्येच पाय मोडलेला प् दिसू शकतो आणि तो छापायला छान आहे. पण ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसत असली तरी टाइप नंतर होते. त्यामुळे ओळीच्या शेवटी नुसती वेलांटी लोंबत ठेवलेल्या ज्या कविता दिसतात, त्या कागदावर सुचलेल्या असतात. फोनवर तसं घडत नाही. रोमी अक्षरांत लिहून मराठी उमटवणारा कळफलक वापरत असाल तर गोष्ट आणखी वेगळी, तिथे शब्द निवडेपर्यंत पडद्यावर इंग्रजी अक्षरंच असू शकतात. तुमचा नायक कशावर टाइप करतो ते एकदा ठरवा.

आता मुख्य भोक. चार्जर लावला की थोड्या वेळात फोन उठतो. बॅटरी अगदी तळाला गेली असली तर काही मिनिटं नुसतं रिकाम्या बॅटरीचं चित्र दिसतं, एवढंच. मग बोलणं कायमचं का राहिलं? तुमच्या प्रश्नातही याचं उत्तर नाही, म्हणजे कवितेतही नसणार. शेवट न पोहोचण्याचं निम्मं कारण हेच असावं. वाचणारा मनात म्हणतो, अरे मग चार्ज करून पाठव की!

याचं उत्तर समोरच्या फोनमध्ये आहे. ‘पाठवा’ दाबेपर्यंत एकही अक्षर तिकडे जात नाही. तिला ‘टायपिंग’ दिसतं आणि टाइप करणं थांबलं की थोड्या वेळाने तेही जातं. ‘चूक’ हा शब्द तिने कधी पाहिलेलाच नाही. कविता तिच्या तोंडी असेल आणि त्यात अर्धवट वाक्य असेल, तर ती कविता खोटी आहे. ही गफलत फार जण करतात.

ती काय पाहते? वाट बघून ती ‘बोल ना’ पाठवते. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याला एकच टिक येते आणि एकच राहते, कारण बंद फोनपर्यंत मेसेज पोहोचत नाही. ब्लॉक केलेल्या माणसालाही एकच टिक दिसते. भांडण चालू, टायपिंग दिसत होतं, ते गेलं, आणि आता एकच टिक. तिने काय समजावं? नीट बघितलं तर फरक कळू शकतो. ब्लॉक झालं की लास्ट सीन दिसेनासं होतं, बॅटरी संपल्यावर ते जागच्या जागी राहतं, जुनी वेळ दाखवत. पण ज्याने लास्ट सीन आधीच लपवलंय त्याच्या बाबतीत हीही सोय नाही. तिने रागावून बोलणं बंद करायला एवढं पुरेसं आहे. हे आणायचं तर पाचवं कडवं तिच्या बाजूने लिहावं लागेल आणि ‘चूक’ने संपणारं कडवं मध्ये येईल. तसं करायचं तर तिचं कडवं पूर्ण भरा, चारही अक्षरांसकट, म्हणजे तुटलेलं एकच राहील.

दुसरा मार्ग त्याच्या बाजूचा. फोन उठल्यावर टाइप करायच्या खोक्यात अर्धवट मजकूर कधी राहिलेला असतो, कधी नसतो. राहिलेला असेल आणि तरी त्याने ‘माझी’ टाइप केलं नसेल, तर कविता बॅटरीची राहत नाही, त्याच्या भित्रेपणाची होते. ती जास्त चांगली कविता आहे असं माझं मत. तुमच्या बाबतीत यातलं काय झालं ते तुम्हालाच माहीत, पण लिहिताना दोन्ही मार्ग एकत्र करू नका.

एक पुस्ती जोडतो. देवद्वार छंदाला भक्तीचा वास येतो, काहींना त्यात चॅट ऐकताना हसू येईल. ते नको असेल तर ज्ञानेश्वरीच्या धाटणीची ओवी बघा. तीन चरणांना यमक आणि चौथा आखूड, बिनयमकाचा, म्हणून तिला साडेतीन चरणांची म्हणतात. पण तिथे अक्षरसंख्या सैल असते आणि चौथा चरण मुळातच कमी, त्यामुळे आणखी तोडलं तरी कान सोडून देतो. आणि मुक्तछंदच ठेवायचा हट्ट असेल तर कवितेपुरता एक नियम स्वतः घाला आणि तो तीन-चार वेळा पाळा. प्रत्येक कडव्याच्या शेवटी उरलेले टक्के येऊ द्या, पंधरा, नऊ, चार, आणि शेवटच्या कडव्यात आकडाच नको. मुक्तछंदवाल्यांशी माझं भांडण आहे ते त्यांना असा नियम घालायलाही जड जातं म्हणून. छंद नको म्हणणं वेगळं आणि मोजायचा आळस वेगळा.

वाचून दाखवताना ‘चूक’ला आवाज खाली आणू नका. खाली आणला की वाक्य पूर्ण झाल्यासारखं वाटतं. पुढे ‘माझी’ म्हणायचंच आहे अशा सुरात आवाज वर ठेवा आणि तोंड मिटा. टाळ्या उशिरा येतील, येऊ द्यात. शीर्षकात ‘बॅटरी’ किंवा ‘अपूर्ण’ घालू नका, ‘दोन टक्के’ पुरे.