नकार कळवायचा, पण दार उघडं ठेवून

साताऱ्याचं ऑफर लेटर हातात आलं ना? मग कुपवाड एमआयडीसीतल्या कंपनीला आजच कळव. उशीर केलास तर त्यांचा दुसरा उमेदवारही हातचा जातो, आणि राग राहतो तो त्याचाच. आधी एचआरला फोन, मग त्यांच्याच मेलला उत्तर:

‘नमस्कार मॅडम, क्वालिटी इंजिनिअर पदाच्या ऑफरबद्दल आभार. मी दुसरी नोकरी स्वीकारली असल्यानं रुजू होऊ शकणार नाही. मुलाखतीनंतर सरांनी स्वतः शॉप फ्लोअर फिरून दाखवला, ते लक्षात राहील. पुढे योग आला तर आपल्याकडे काम करायला आवडेल.’

नव्या कंपनीचं नाव, पगाराचा आकडा लिहू नकोस. घासाघीस सुरू होते. घरच्या आजारपणाची थाप तर नकोच. आपल्याकडं कोण कुणाचा पाहुणा निघेल, सांगता येत नाही!