‘सङ्खार’ म्हणजे आपले संस्कार नव्हेत: पाली शब्दांविषयी वाचकांचे प्रश्न

वर्षावास लागला, की कळव्यापासून नेरुळपर्यंतच्या विहारांत संध्याकाळचे ग्रंथवाचन सुरू होते आणि पाठोपाठ माझ्याकडे प्रश्न येऊ लागतात. कुणी पुस्तिका छापत असते, कुणी अभ्यासवर्गाची टिपणे काढत असते. अडतात सगळे त्याच चार-पाच शब्दांवर, म्हणून या वेळी ते प्रश्न एकत्र घेतले आहेत.

निब्बान, निर्वाण, मोक्ष यांतले काहीही लिहिले तरी चालते ना? (कोपरी)

निब्बान किंवा निर्वाण लिहा, पण पुस्तिकाभर एकच. मोक्ष लिहू नका; तो शब्द आला की बुद्धांनी न मानलेला, सुटणारा आत्माही सोबत येतो.

ताई, जय भीम. आमच्या वर्गात पाच खंध, म्हणजे माणूस ज्यांचा बनतो ते पाच घटक, शिकवताना ‘सुखद वेदना’ असे आले आणि सगळे गोंधळले. वेदना सुखद कशी असेल? छापण्याची चूक आहे का? (घणसोली)

चूक नाही. पालीत वेदना म्हणजे अनुभव जाणवणे. ती तीन प्रकारची सांगितली आहे: सुखा, दुक्खा आणि अदुक्खमसुखा, म्हणजे धड सुखाचीही नाही आणि दुःखाचीही नाही अशी. मराठीत मात्र वेदना म्हटले की दाढ ठणकते किंवा गुडघा दुखतो. शब्द दिसायला तोच, पण मराठीत येता येता त्याचा अर्थ एकाच बाजूला उरला आहे.

विपश्यनेच्या वर्गात ‘संवेदना’ म्हणतात, ते तिथे चालून जाते, कारण तिथे अंगावर काय जाणवते याकडेच लक्ष द्यायचे असते. छापील पुस्तिकेत त्याने दुसरा गोंधळ होतो: खंधांच्या यादीत वेदना रूपात, म्हणजे शरीराच्या बाजूला, धरलेली नाही, ती मनाच्या बाजूची आहे, आणि ‘संवेदना’ वाचणारा ती कातडीवर शोधू लागतो. म्हणून यादीत ‘वेदना’ तशीच ठेवा आणि पहिल्याच वेळी एका ओळीची टीप द्या. चालत्या मजकुरात ‘अनुभूती’ लिहा. टिपेची ओळ वर्ग घेणाऱ्या भन्तेंना दाखवून मगच छापा.

धम्मपदातल्या ‘सब्बे सङ्खारा अनिच्चा’चे ‘सर्व संस्कार अनित्य आहेत’ असे भाषांतर आम्ही केले. वाचून एक आजी म्हणाल्या, मग मुलांवर संस्कार करायचे कशाला? आता शब्द बदलू की टीप देऊ? (ऐरोली)

आजींनी बरोबर जागी बोट ठेवले आहे. पुस्तिका छापण्याआधी वाचायला द्यावी ती अशाच माणसाला. मराठी कानाला संस्कार म्हणजे घरचे वळण, सोळा संस्कार, नाहीतर अंत्यसंस्कार. बुद्धवचनातल्या सङ्खाराचा यांतल्या कशाशीही संबंध नाही. संस्कृतात दोन्ही शब्द एकच आहेत, हे कारण मला वारंवार ऐकवले जाते. पण तुमचा वाचक संस्कृतात वाचत नाही, मराठीत वाचतो.

तुमच्या प्रश्नाला ‘बदला’ किंवा ‘टीप द्या’ असे एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण सङ्खार त्रिपिटकात एकाच कामाला येत नाही. पाच खंधांत तो येतो तेव्हा संयुत्त निकायात त्याची फोड सहा चेतना अशी केली आहे: रूप, शब्द, गंध, रस, स्पर्श आणि मनाचे विषय यांबाबत मनात उठणारा हेतू. पटिच्चसमुप्पादात, म्हणजे कशातून काय उपजते त्या साखळीत, ‘अविज्जापच्चया सङ्खारा’, अविद्येमुळे सङ्खार, असे येते, तिथे काया, वाणी आणि चित्त असे तीन सङ्खार सांगितले आहेत. आनापानसतीत, म्हणजे श्वासावरच्या ध्यानात, ‘कायसङ्खार’ शांत करायला सांगितले आहे. चूळवेदल्ल सुत्तात विसाख उपासकाने विचारल्यावर धम्मदिन्ना भिक्खुनी सरळ सांगते, की श्वास आणि उच्छ्वास म्हणजेच कायसङ्खार. आणि तुमच्या गाथेत सङ्खार म्हणजे कारणे जुळून घडलेली प्रत्येक गोष्ट. चारही ठिकाणी ‘संस्कार’ लिहिले तर चारही ठिकाणी अर्थ हरवतो आणि वाचकाला तो हरवल्याचे कळतही नाही. ‘पटिच्चसमुप्पाद’सारखा शब्द आला की तो थांबून विचारतो, ओळखीचा शब्द आला की तो पुढे निघून जातो. म्हणून मला अनोळखी शब्दांपेक्षा या ओळखीच्या शब्दांची जास्त काळजी वाटते.

आता तुमचीच गाथा पाहू. ती एकटी नाही, 277 ते 279 अशा तीन गाथा लागोपाठ आहेत. पहिली ‘सब्बे सङ्खारा अनिच्चा’, दुसरी ‘सब्बे सङ्खारा दुक्खा’, तिसरी ‘सब्बे धम्मा अनत्ता’. तिसऱ्या गाथेत शब्द बदलला आहे. तुम्ही पाठवलेल्या पानावर मात्र तिन्ही ओळी ‘सर्व संस्कार’नेच सुरू होतात. म्हणायला ते सोपे झाले असेल, पण मूळ गाथेने जाणूनबुजून केलेला भेद पुसला गेला. सङ्खार म्हणजे घडलेले; निब्बान घडलेले नाही, ते असङ्खत आहे. ‘धम्मा’ या शब्दात निब्बानही येते आणि म्हणूनच तिथे शब्द बदलला, असे थेरवादातले अनेक आचार्य समजावतात. धम्मपदाची अट्ठकथा, म्हणजे त्यावरचे जुने पाली भाष्य, मात्र त्या गाथेतल्या ‘धम्मा’चा अर्थ पाच खंध एवढाच घेते. या दोन मतांतले बरोबर कोणते हे पुस्तिकेच्या भाषांतरकाराने ठरवायचे नाही. त्याने ओळ अशी लिहावी, की दोन्ही वाचने शिल्लक राहतील.

माझ्या मते 277 आणि 278 मध्ये भाषांतर करावे: ‘कारणांनी घडलेले सारे अनित्य आहे’, ‘कारणांनी घडलेले सारे दुःखमय आहे’. 279 मध्ये मूळ शब्द ठेवावा: ‘सर्व धम्म अनात्म आहेत’. त्याच पानावर खाली टीप द्यावी, की इथे धम्म म्हणजे बुद्धांची शिकवण नव्हे, तर असणारी कोणतीही गोष्ट. ती टीप नसेल, तर 14 ऑक्टोबर 1956च्या धम्मदीक्षेतला धम्म मनात असलेला वाचक नक्की दचकेल, आणि त्यात त्याची काही चूक नाही. खंधांच्या यादीत आणि पटिच्चसमुप्पादात ‘सङ्खार’ तसाच राहू द्या, कारण तिथे तो मोजलेल्या क्रमातला एक घटक आहे; प्रत्येक ठिकाणी वेगळी टीप द्या. आनापानाच्या सूचनेत सरळ ‘श्वासाची हालचाल’ लिहा. साधक डोळे मिटून बसलेला असतो, तिथे टीप वाचणार कोण?

पुस्तिका तपासायची असेल तर मराठी पानाशेजारी पाली पान ठेवा आणि संज्ञेच्या जागी वापरलेल्या प्रत्येक मराठी शब्दाखाली रेघ ओढा. एका पाली शब्दाला दोन-तीन मराठी शब्द आले, तर टिपेने भागते. पण दोन पाली शब्दांना एकच मराठी शब्द आला, तर छपाई थांबवा, तुमच्या तिसऱ्या गाथेत झाले ते हेच. हे काम एकट्याने करू नका. विहारातले भन्ते किंवा मुंबई विद्यापीठाच्या पाली विभागातले कुणी जाणकार यांना शेजारी बसवा.

ठाण्यातल्या एका एजन्सीने सांगितले, की एकही पाली शब्द न ठेवता ‘संपूर्ण शुद्ध मराठी’ भाषांतर करून देऊ, आणि टिपा हव्या असतील तर पानामागे वेगळे पैसे. घ्यावे का? (नौपाडा)

घेऊ नका. पाली शब्द ठेवायचाच नाही असे काम सुरू होण्याआधीच ठरवणाऱ्याने मजकूर वाचलेला नसतो. मी पाहिलेल्या अशा एका ‘शुद्ध’ भाषांतरात भिक्खु ‘संन्यासी’ झाला होता आणि सिक्खापद ‘आज्ञा’. आज्ञा वरून येते. सिक्खापद माणूस स्वतः स्वीकारतो. टीप हा भाषांतराचाच भाग आहे, तिचे वेगळे पैसे मागणे म्हणजे अर्धे काम पूर्ण किमतीला विकणे. करार करण्याआधी नमुना म्हणून वरच्या तीन गाथा द्या आणि उत्तर जाणकाराला दाखवा. टिपा पानाखालीच मागा. शेवटच्या पानावर शब्दांची यादी देतात, पण विहारातल्या सतरंजीवर बसलेला वाचक मागे पाने उलटत बसत नाही.

‘सङ्खार’ की ‘संखार’? (वाशी)

दोन्ही चालतात, पण एका पुस्तकात एकच. ‘सळायतन’मधला ळ मात्र सोडू नका, तो मराठीतही आहे, ल करण्याचे काही कारण नाही.

विहाराच्या दारी पंचशीलाची संगमरवरी पाटी बसवायची आहे, वर पाली आणि खाली मराठी. पाचव्या शीलात ‘प्रमादाचे कारण’ लिहिले आहे. पुढच्या रविवारी अनावरण आहे, लवकर कळवा. (कळवा)

‘प्रमाद’ काढा. मराठीत प्रमाद म्हणजे हातून झालेली चूक; पालीत पमाद म्हणजे गाफीलपणा, भान सुटणे. ‘सुरामेरयमज्जपमादट्ठाना’ याचा रोख, भान घालवणारे सुरा, मेरय आणि मद्य यांपासून दूर राहण्यावर आहे. पिऊन एखादी चूक झाली की शील मोडते, असा त्याचा अर्थ नाही. ‘प्रमादाचे कारण’ वाचणारा नेमके उलटे समजतो: माझ्या हातून काही चूक होत नाही, मग दोन घोट घेतले तर काय बिघडले? हा युक्तिवाद मी लग्नाच्या मांडवातही ऐकला आहे.

पाटीवर टिपेला जागा नसते, म्हणून तिथे मराठी ओळीलाच सगळा भार उचलावा लागतो. ‘भान घालवणाऱ्या मादक पेयांपासून दूर राहण्याचे शिक्षापद मी ग्रहण करतो’ असे लिहिता येईल. ‘शिक्षापद’ ऐकून कुणाला दंड आठवत असेल, तर ‘शील’ लिहा आणि पाचही ओळींत तोच शब्द ठेवा. वरच्या पाली ओळीत ‘वेरमणी सिक्खापदं समादियामि’ यातला प्रत्येक अनुस्वार आणि जोडाक्षर तपासा. कारागिराला पाली येत नाही आणि तो फोटोवरून कोरतो, तो फोटोही कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला असतो.

रविवारची तारीख पुढे ढकला. कच्चा मजकूर कागदावर पाटीच्याच आकारात छापून दारावर चिकटवा, भन्तेंकडून पाचही ओळी म्हणवून घ्या आणि त्यांची सही झाल्यावरच कारागिराकडे पाठवा. पाहुण्यांना नवी तारीख कळवणे अवघड वाटत असेल, तर अनावरणाआधी बुद्धवंदनेचा कार्यक्रम करा, पाटी नंतर बसवा.