अमोनिया यंत्रणेच्या पुस्तिकेचे तातडीचे काम मी कसे नाकारले

प्रश्न: मी फोंड्याला राहते आणि इंग्रजीतून मराठीत भाषांतरे करते, बहुतेक जमिनीचे दस्तऐवज आणि बँकेची पत्रे. आता एका कारखान्याने यंत्रसामग्रीची पुस्तिका दोन दिवसांत मागितली आहे आणि त्या विषयातले मला काही कळत नाही. ग्राहकाला न दुखावता नकार कसा द्यावा आणि मुदत किती मागावी?

उत्तर:

नकार आजच द्या, लेखी द्या आणि त्यात खरे कारण लिहा. ‘सध्या हातात दुसरे काम आहे’ असे कळवून सुटका करून घेणे सोपे असते, पण त्यातून ग्राहकाला काहीच समजत नाही. तो तीच पुस्तिका त्याच मुदतीत दुसऱ्या कोणाला तरी देतो.

माझ्याकडे असे काम दक्षिण गोव्यातील एका मासळी-प्रक्रिया कारखान्याकडून आले होते. शीतगृहातील अमोनिया यंत्रणेची सुरक्षा आणि देखभाल पुस्तिका, सुमारे बारा हजार शब्दांची. शुक्रवारी दुपारी आली आणि सोमवारी सकाळी हवी होती. तिथले बरेच कामगार सिंधुदुर्ग आणि बेळगाव भागांतले, मराठी वाचणारे. मी मुख्यतः न्यायालयाची आणि महसुलाची कागदपत्रे करते.

उत्तर देण्यापूर्वी मी अर्धा तास पुस्तिका वाचली, आणि तुम्हीही तसेच करावे असे मला वाटते. पहिल्या पानापासून नव्हे. एखादी कृती उघडावी आणि त्यात काय घडते याची पेन्सिलीने आकृती काढता येते का ते पाहावे. मी तेल काढण्याची कृती निवडली. कॉम्प्रेसरमधले थोडे तेल अमोनियाबरोबर यंत्रणेत फिरत राहते, आणि द्रव अमोनियापेक्षा जड असल्यामुळे कमी दाबाच्या भांड्यांच्या तळाशी साचते. ते वेळोवेळी काढून टाकावे लागते. तेल संपले की त्याच तोटीतून द्रव अमोनिया बाहेर येऊ शकतो. म्हणून तिथे हात सोडताच आपोआप मिटणारा वॉल्व्ह बसवतात आणि काम संपेपर्यंत माणसाने जागा सोडायची नसते. एवढे मला वाचून समजले. पुढच्या परिच्छेदात मात्र दुरुस्तीसाठी पाइपाचा एक भाग वेगळा करण्याचे टप्पे होते. तीन अटी एकाच वाक्यात गुंफलेल्या होत्या, आणि कोणता वॉल्व्ह आधी बंद करायचा याची आकृती मला काही केल्या काढता येईना. प्रत्येक शब्दाचा अर्थ मला ठाऊक होता. पाइपात काय चालले आहे ते मात्र ठाऊक नव्हते.

त्या ठिकाणी धोका नेमका काय आहे, हे मला नंतर तिथल्या अभियंत्याने समजावले. दोन बंद वॉल्व्हच्या मध्ये द्रव अमोनिया अडकला आणि पाइप तापू लागला, तर द्रव प्रसरण पावतो, त्याला जायला जागा उरत नाही आणि दाब इतका वाढतो की पाइप किंवा वॉल्व्ह फुटू शकतो. म्हणून त्या भागातील द्रव आधी काढून घ्यायचा आणि मगच दुसरी बाजू बंद करायची. आता ‘दुरुस्तीपूर्वी दोन्ही बाजूंचे वॉल्व्ह बंद करावेत आणि पाइप रिकामा करावा’ हे वाक्य पाहा. मराठी म्हणून त्यात काहीही चूक नाही आणि मुद्रितशोधकाची पेन्सिल तिथे अडणार नाही. पण त्यात क्रम उलटा झाला आहे. विषय न जाणणाऱ्याच्या भाषांतरात चूक अशीच राहते, आणि ती शोधायला यंत्रणा ओळखणाराच वाचक लागतो.

मग मुदतीचा हिशेब केला. माझ्या विषयातला मजकूर असेल तर मी दिवसाला दोन हजार शब्द नीट करू शकते. अपरिचित तांत्रिक मजकुरात बाराशेच्या पुढे जाणे मला सुरक्षित वाटत नाही. म्हणजे बारा हजार शब्दांना दहा दिवस. त्याआधी यंत्रणा प्रत्यक्ष पाहणे आणि संज्ञांची यादी करणे यासाठी दोन दिवस. मसुदा तयार झाल्यावर अभियंत्याच्या वाचनाला तीन दिवस आणि त्याच्या दुरुस्त्या घालायला एक. भाषांतर सेवांसाठीच्या आयएसओ १७१०० या मानकानुसार भाषांतरकाराखेरीज दुसऱ्या व्यक्तीने मूळ आणि भाषांतर समोरासमोर ठेवून तपासणे आवश्यक असते. त्याला दोन दिवस. शेवटचा एक दिवस तक्ते, आकृत्यांवरची नावे आणि मांडणी यांच्यासाठी. एकूण कामाचे एकोणीस दिवस, म्हणजे जवळजवळ चार आठवडे. यात मध्ये चतुर्थीची सुट्टी येत असेल तर ती वेगळी धरावी, कारण त्या आठवड्यात अभियंता भेटणार नाही.

मी पाठवलेले पत्र असे होते:

‘आपण पाठवलेली पुस्तिका मी पाहिली. ती सोमवारपर्यंत मराठीत करून देणे मला शक्य नाही. मजकुराची लांबी हे त्याचे एक कारण आहे. मोठे कारण असे की अमोनिया यंत्रणा हा माझा विषय नाही, आणि यातील वॉल्व्ह बंद-चालू करण्याच्या सूचना न समजता लिहिल्यास कामगारांच्या जिवाला धोका होऊ शकतो. आपली यंत्रणा चालवणारे अभियंता माझ्या प्रश्नांना उत्तरे देण्यास आणि मसुदा वाचण्यास उपलब्ध असतील, तर मी हे काम कामाच्या १९ दिवसांत पूर्ण करू शकेन. तपशील सोबत जोडला आहे. पुस्तिका त्याआधी हवी असल्यास शीतकरणाचा अनुभव असलेल्या भाषांतरकाराकडे काम सोपवावे. असे कोणी शोधण्यास मी मदत करीन. आपला निर्णय मंगळवारपर्यंत कळवावा, ही विनंती.’

त्यांच्या व्यवस्थापकांचा फोन लगेच आला. पहिला प्रस्ताव दुप्पट दराचा होता. दर वाढवला म्हणून माझे ज्ञान वाढत नाही, हे मी त्यांना सरळ सांगितले. दुसरा प्रस्ताव चार भाषांतरकारांत पाने वाटून देण्याचा होता, आणि तो मला अधिक घातक वाटतो, कारण मग एकाच वॉल्व्हला चार ठिकाणी चार नावे पडतात आणि कामगाराला ते चार वेगळे वॉल्व्ह वाटू शकतात. तिसरी विचारणा मात्र रास्त होती: निदान गळती झाल्यावर काय करायचे ते एक पान तरी लवकर देता येईल का? ते मी मान्य केले, पण अभियंत्यांनी शेजारी बसून प्रत्येक वाक्य तपासायचे या अटीवर. ही अट किती आवश्यक होती ते तिथेच दिसले. वाऱ्याच्या दिशेला आडवे निघून दूर जायचे, वायूच्या ढगावर पाण्याचा फवारा चालतो पण साठलेल्या द्रव अमोनियावर थेट पाणी ओतायचे नाही, कारण त्याने तो अधिक वेगाने वायू होतो, हा भेद मला एकटीला मूळ मजकुरातून इतका स्पष्ट कळला नसता.

तुमच्या बाबतीत ग्राहकाने लांब मुदत मान्य केली, तर एक व्यवस्था पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. पहिले दीड हजार शब्द झाले की ते अभियंत्याला वाचायला द्यायचे, आणि संज्ञांच्या यादीवर त्याची सही घेतल्याशिवाय पुढे जायचे नाही. यादी करताना ऑपरेटर रोज जे शब्द वापरतात तेच घ्या. ते वॉल्व्ह आणि गेज म्हणत असतील तर पुस्तिकेतही वॉल्व्ह आणि गेजच असू द्या. अभियंत्याला वेळ नाही असे कळले, तर दिलेली मुदतही लागू राहत नाही, हे पत्रातच लिहून ठेवा. ग्राहक एवढे थांबायला तयार नसेल, तर फाइल तुमच्याकडून काढून टाकल्याचे त्याला कळवा आणि काम सोडा.