भाड्याच्या दुकानातलं पार्टिशन-वायरिंग किती वर्षांत खर्ची टाकायचं?

पार्टिशन आणि वायरिंगला ३,६०,००० रुपये लागले. सामान १० वर्षं टिकेल. भाडेकरार ५ वर्षांचा, त्यातलं १ वर्ष संपलंय. खर्च किती वर्षांत विभागू?

४ वर्षांत, म्हणजे दरवर्षी ९०,०००. दुकान सोडताना पार्टिशन आणि भिंतीतली वायर तिथेच राहणार, म्हणून टिकण्याचा काळ आणि उरलेला करार यांतला कमी तो धरायचा. करार वाढवायचा हक्क लेखी असेल आणि तो तुम्ही वापरणार हे जवळपास नक्की असेल, तरच वाढीव वर्षं मोजा. मालकाच्या तोंडी ‘बघू’वर नाही. २ वर्षांनीच दुकान सोडलंत, तर उरलेले १,८०,००० त्याच वर्षी खर्चात जातील. सोबत नेता येणारे रॅक, पंखे यात धरू नका. आयकराचा घसारा वेगळा, तो ठरलेल्या दरानेच मिळतो.