जर्मनीतल्या सीनियरला पहिला मेसेज कसा लिहावा?

*मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. जर्मनीत मास्टर्स करणाऱ्या आमच्याच कॉलेजच्या एका सीनियरला लिंक्डइनवर “Hi sir, please guide me for MS in Germany” असं पाठवलं. दोन आठवडे झाले, उत्तर नाही. काय चुकलं?*

“गाइड करा” याला उत्तर द्यायचं तर त्या माणसाला रविवारची दुपार घालवावी लागेल. शेवटची तारीख, फी, भाषेची अट हे सगळं विद्यापीठाच्या साइटवर असतं. ते विचारलंत तर तुम्ही साइट उघडलेलीच नाही, एवढंच त्याला कळतं.

त्याच्याकडे असलेली, साइटवर न मिळणारी गोष्ट म्हणजे तुमच्याच गुणपत्रिकेचं तिथे काय झालं, याची माहिती. भारतीय सीजीपीए जर्मन श्रेणीत बदलायला सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात:

```
1 + 3 × (कमाल − तुमचे) / (कमाल − किमान उत्तीर्ण)
```

समजा तुमचा सीजीपीए 7.8 आहे आणि कमाल 10. उत्तीर्ण होण्याची किमान श्रेणी 4 धरली तर उत्तर 2.1 येतं, 5 धरली तर 2.32. (जर्मनीत आकडा जितका लहान तितका चांगला.) अट 2.2 ची असेल, तर पहिल्या हिशेबात तुम्ही आत, दुसऱ्यात बाहेर. तुमच्या कॉलेजच्या गुणपत्रिकेवर तिथे 4 धरले की 5, हे त्याला स्वतःच्या अर्जावरून ठाऊक असण्याची शक्यता बरीच आहे. विषयांच्या क्रेडिट्सचंही तसंच: आपला ‘स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स’ त्यांनी मेकॅनिक्सच्या कोट्यात मोजला का?

लिंक्डइनच्या मोफत खात्यावर कनेक्शनच्या विनंतीसोबतच्या टिपेला जेमतेम 200 अक्षरं मिळतात. तेवढ्यात फक्त ओळख द्या: कॉलेज, शाखा, वर्ष, आणि एक प्रश्न विचारायचा आहे. प्रश्न त्याने विनंती स्वीकारल्यावर:

“नमस्कार दादा, मी आपल्याच कॉलेजात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, सीजीपीए 7.8. तुमच्याच कोर्सला पुढच्या हिवाळी सत्रासाठी अर्ज करतोय. किमान उत्तीर्ण श्रेणी 4 धरली तर माझी श्रेणी 2.1 येते, 5 धरली तर 2.32, आणि अट 2.2 ची आहे. तुमच्या वेळी त्यांनी काय धरलं होतं? दोन ओळीत सांगितलंत तरी पुरे.”

हे मोबाइलवर, ट्रॅममध्ये उभ्याउभ्या वाचून उत्तर देता येतं. चार-पाच वर्षांचंच अंतर असेल तर दादा किंवा ताई चालतं, त्याहून मोठ्यांना सर किंवा मॅडम. सीव्ही आणि एसओपी पहिल्या मेसेजला जोडू नका. न मागता आलेली फाइल म्हणजे न मागता आलेलं काम. नुसतं “Hi” पाठवून उत्तराची वाट बघणं तर त्याहून वाईट.

तुमच्या त्या सीनियरला आता नवा, वरच्यासारखा मेसेज पाठवा. जुन्याची आठवण काढू नका, “रिप्लाय नाही दिला” हे तर नकोच. दहा दिवसांत काही आलं नाही तर एकदाच आठवण करून द्या आणि मग दुसरा सीनियर शोधा: कॉलेजच्या लिंक्डइन पानावर Alumni टॅबमध्ये देश आणि शाखा निवडली की यादी मिळते. शक्यतो गेल्या दोन-तीन वर्षांत प्रवेश घेतलेला निवडा. भारतीय अर्जदारांसाठी शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारं एपीएस प्रमाणपत्र नोव्हेंबर 2022 पासून सक्तीचं झालं. त्याआधी गेलेल्यांना ती पायरी बहुधा करावीच लागली नसेल.