‘शुभास्ते पन्थानः सन्तु’ मुलीला चालतं का?

प्रश्न: नात शिकायला जर्मनीला निघाली आहे. दही हातावर देताना आजोबा ‘शुभास्ते पन्थानः सन्तु’ म्हणणार आणि आजी ‘यशस्वी भवः’. मुलीसाठी यात काही बदल करावा लागतो का? भेटकार्डावरही तेच छापायचं आहे.

आजोबांच्या वाक्यात काहीही बदलू नका. आजींच्या दोन शब्दांत मात्र दोन दुरुस्त्या आहेत.

आजोबांचं वाक्य सुटं केलं तर शुभाः, ते, पन्थानः, सन्तु असे चार शब्द मिळतात. ‘पथिन्’ म्हणजे वाट. हा शब्द पुल्लिंगी, त्याचं प्रथमेचं अनेकवचन ‘पन्थानः’. ‘शुभाः’ हे त्या वाटांचं विशेषण आहे, प्रवाशाचं नव्हे. म्हणून निघालेला नातू असो की नात, ते बदलत नाही. ‘सन्तु’ म्हणजे ‘असोत’. इथे ‘सन्ति’ लिहिलं तर आशीर्वाद जाऊन ‘तुझ्या वाटा शुभ आहेत’ अशी नुसती माहिती उरते.

छापताना घोळ होतो तो बहुधा ‘पन्थानम्’चा. ती द्वितीया आहे, एकवचनी आहे आणि ‘सन्तु’शी तिचं काही जुळत नाही. ‘पंथानः संतु’ असं अनुस्वारानं लिहायला हरकत नाही. कोणी जुने आजोबा ‘पन्थानस्सन्तु’ म्हणाले तर तेही बरोबर, कारण पुढे ‘स’ आला की विसर्गाचा ‘स्’ होऊ शकतो. ‘शुभास्ते’मध्येही विसर्गाचाच ‘स्’ झालाय, म्हणून कार्डावर ओळ मोडताना ‘शुभा’ वर आणि ‘स्ते’ खाली असं करू देऊ नका.

खरी गंमत ‘ते’ची आहे. हा ‘तव’चा, म्हणजे ‘तुझ्या’चा, छोटा पर्याय. तो वाक्याच्या सुरुवातीला येऊ शकत नाही, आधी एखादा शब्द लागतोच. संस्कृतात शब्दक्रम मोकळा असतो हे ऐकून कोणी ‘ते पन्थानः शुभाः सन्तु’ अशी मांडणी केली, तर ‘त्या वाटा शुभ असोत’ असा अर्थ होतो, आणि त्या कुठल्या वाटा ते कळत नाही. ‘शुभास्ते सन्तु पन्थानः’ हा क्रम मात्र बिनधास्त वापरा.

‘ते’ एकाच व्यक्तीसाठी आहे. नातीबरोबर तिचा भाऊही निघाला असेल तर दोघांना मिळून ‘शुभा वां पन्थानः सन्तु’, आणि तीन किंवा अधिक जण असतील तर ‘शुभा वः पन्थानः सन्तु’. पुढे ‘व’ आल्यामुळे ‘शुभाः’चा विसर्ग इथे गळतो.

आता आजी. ‘भव’ला विसर्ग नाही. ‘भव’ म्हणजे ‘हो’, ही आज्ञा आहे. ‘भवः’ हे नाम आहे आणि ते शंकराचं एक नाव. विसर्ग लावला की संस्कृत पक्कं होतं, असा आपल्याकडे एक समज दिसतो. त्यातून हे आलं असावं.

दुसरी दुरुस्ती लिंगाची. इथलं विशेषण माणसाचं आहे, वाटेचं नाही, म्हणून ते बदलतं. नातवाला ‘यशस्वी भव’, नातीला ‘यशस्विनी भव’. तसंच ‘आयुष्मान् भव’ आणि ‘आयुष्मती भव’, ‘विजयी भव’ आणि ‘विजयिनी भव’. (‘आयुष्यमान’ नको. मूळ शब्द ‘आयुस्’ आहे, त्यात ‘स्’नंतर ‘य’ नाही.) दोघं निघाले असतील तर ‘भव’ही चालणार नाही. भाऊ-बहिणीला एकत्र ‘यशस्विनौ भवतम्’ म्हणावं लागेल, आणि ते ऐन दारात आठवणं कठीण. त्यापेक्षा एकेकाला वेगळा आशीर्वाद द्यावा.

मराठी क्रियापद घेतलं की ही सगळी कटकट संपते. मराठीत ‘यशस्वी’ दोन्ही लिंगांना चालतो, त्यामुळे ‘यशस्वी हो’ नातीलाही अगदी बरोबर. ‘औक्षवंत हो’ही तसंच. संस्कृतच हवं आणि लिंगाची चिंता नको, तर ‘चिरं जीव’ म्हणा. ते अख्खं वाक्य आहे, ‘दीर्घकाळ जग’. त्यात विशेषण नसल्यामुळे बदलायचं काही उरत नाही.

माझं मत विचाराल तर आजींनी ‘यशस्वी हो, सुखरूप जाऊन ये’ म्हणावं. नुसतं ‘जा’ निरोपाला आपण टाळतोच. नातही ‘जाते’ न म्हणता ‘येते’ म्हणेल. कार्डावर वरच्या ओळीत ‘शुभास्ते पन्थानः सन्तु’ आणि खाली आजींचं मराठी वाक्य छापा. छापायला देण्याआधी मुद्रितात ‘पन्थानः’चा विसर्ग नुसता अपूर्णविराम होऊन बसला नाही ना, तेवढं पाहून घ्या, विसर्गाऐवजी ती खूण टंकली गेली तर अक्षरापासून किंचित सुटी दिसते.